भरणा स्लिपचा फोटो यंत्राला कितपत वाचता येतो?

तालुक्याच्या ठिकाणी खतांचा घाऊक व्यापार करणारा एक विक्रेता डोळ्यांसमोर आणू. आसपासच्या गावांतले दुकानदार त्याच्या खात्यावर रोख भरतात. प्रत्येक जण आपल्या जवळच्या शाखेत जातो, भरणा स्लिप हाताने लिहितो, कॅशिअरचा शिक्का घेतो आणि स्लिपचा फोटो विक्रेत्याच्या फोनवर पाठवतो. विक्रेत्याच्या मुनिमाला त्या फोटोतून चार गोष्टी हव्या असतात : पैसे कोणाच्या नावावर जमा झाले, किती, कोणत्या तारखेला आणि चालू खात्यावर की कॅश क्रेडिटवर. मुनीम हे क्षणात वाचतो. हेच काम संगणकाला किती भरवशाने करता येते, कुठे जमते आणि कुठे फसते, याचा हा आढावा आहे. उदाहरण महाराष्ट्रातल्या मराठी स्लिपचे घेतले आहे. अडचणीही तिच्यातच अधिक आहेत आणि त्या सोडवण्याची साधनेही तिच्यातच अधिक आहेत.

हस्ताक्षरातली रक्कम यंत्राने वाचण्याचे काम नवे नाही, मात्र त्याचा मोठा इतिहास धनादेशांचा आहे. यान लकून, लेऑन बोटू, योशुआ बेंजिओ आणि पॅट्रिक हाफनर यांचा १९९८ सालचा प्रसिद्ध शोधनिबंध आज प्रतिमा ओळखणाऱ्या जाळ्यांसाठी आठवला जातो. त्याचा शेवटचा भाग मात्र धनादेश वाचणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे. ही यंत्रणा १९९६ पासून अमेरिकेतल्या बँकांत वापरात होती. बँकेच्या दृष्टीने यंत्र परवडण्याची अट त्यात स्पष्ट दिली आहे : निम्मे धनादेश यंत्राने वाचावेत आणि चुका एक टक्क्याहून कमी असाव्यात. उरलेले निम्मे माणसाकडे गेले तरी चालेल. रकमा छापील असलेल्या ६४६ धनादेशांच्या चाचणीत यंत्रणेने ८२ टक्के बरोबर वाचले, १ टक्का चुकीचे वाचले आणि १७ टक्के ‘मला खात्री नाही’ म्हणून बाजूला ठेवले. अचूकतेचा एकच आकडा सांगून हे काम मोजता येत नाही, हे या मांडणीतून कळते. बाजूला ठेवलेली स्लिप मुनिमाचे एक मिनिट घेते. चुकीची वाचून वहीत चढलेली रक्कम महिनाअखेरीस एखाद्या दुकानदाराशी भांडण लावते.

धनादेशासाठी बँकेत स्कॅनर असतो. स्लिपचा फोटो मात्र काउंटरवर, घाईत, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला असतो, आणि कागद पातळ, घडी पडलेला असतो. वाचनाआधीची पहिली पायरी म्हणजे तो सरळ करणे. स्लिपवरच्या छापील रेघा, बँकेचे चिन्ह आणि रकान्यांची नावे कोऱ्या नमुन्याशी जुळवून प्रतिमा ताणली जाते. कागद सपाट असेल तर चार कोपऱ्यांवरून हे नीट जमते. घडी असेल तर घडीच्या अलीकडचा भाग जुळतो आणि पलीकडचा सरकतो. म्हणून प्रत्येक रकाना त्याच्याजवळच्या छापील शब्दाच्या आधाराने स्वतंत्रपणे जुळवणे बरे. प्रतिमा काळी-पांढरी करण्याचीही घाई करू नये. ओत्सु यांची १९७९ ची पद्धत सगळ्या चित्राला उजेडाची एकच सीमा लावते, त्यामुळे फोन धरलेल्या हाताची सावली पडली की अर्धी स्लिप काळी होते. दर ठिकाणी आसपासचा उजेड पाहून सीमा ठरवणाऱ्या पद्धती सावली सांभाळतात. पण निळ्या शाईवर जांभळा शिक्का पडला असेल तर दोन्ही वेगळे करायला रंगच लागतो, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत तो उरलेला नसतो.

फोटोच्या आकाराचा हिशेब एकदा करून पाहावा. काउंटरफॉइलसह स्लिप साधारण २० सेंटिमीटर रुंद धरू. मेसेजिंग ॲपमधून येताना फोटो आकुंचन पावून लांबीला १६०० पिक्सेल उरला आणि स्लिपने सगळी चौकट भरली असेल, तर एका मिलिमीटरला ८ पिक्सेल मिळतात. चार मिलिमीटर उंचीच्या अंकाला ३२ मिळतात, ते पुरेसे आहेत. स्लिप चौकटीच्या निम्म्याच रुंदीत असेल तर अंकाला १६ पिक्सेल उरतात. इतक्या लहान आकारात देवनागरी ४ चे वरचे उघडे तोंड मिटल्यासारखे दिसते आणि त्याचा इंग्रजी 8 होतो. अशा फोटोवर पुढे कितीही हुशार यंत्र बसवले तरी मुळात नसलेली माहिती परत येत नाही. त्यामुळे फोटो आल्याबरोबर अंकाची उंची मोजून, ती कमी असेल तर दुसरा फोटो मागणे हा या सगळ्या साखळीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता रकमेकडे येऊ. मराठी स्लिपवरची खरी मेख दोन लिपींच्या अंकांत आहे. हाताने लिहिलेला देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. ५ हा उघड्या डोक्याच्या 4 सारखा आणि ४ हा 8 सारखा दिसतो. शून्य दोन्हीकडे सारखेच, २ आणि ३ जवळजवळ सारखे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या उज्ज्वल भट्टाचार्य आणि बी. बी. चौधुरी यांनी हजारावर माणसांच्या हातचे बावीस हजारांहून अधिक देवनागरी अंक जमवले होते. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात एकाच ओळीत मिसळलेल्या लिप्यांचे अंक वाचण्याचा प्रश्न वेगळा काढून हाताळला आहे. कारण इथे ‘हा अंक कोणता’ याच्याआधी ‘हा अंक कोणत्या लिपीतला’ हे ठरवावे लागते, आणि एकट्या अंकाकडे पाहून ते अनेकदा ठरतच नाही.

एक स्लिप घेऊन हे तपासू. रकमेच्या चौकटीत ‘१५,४५०/-’ लिहिले आहे. इंग्रजी अंकांवर शिकलेले यंत्र ते 94,840 असे वाचते. स्वल्पविराम जागच्या जागी आहे, शेवटचे शून्य बरोबर आहे आणि खताच्या दुकानदाराच्या भरण्यासाठी रक्कमही अशक्य नाही. शेवटची तिरपी रेघ 1 म्हणून वाचली गेली तर ती याहून दसपट होईल, म्हणून रकमेची शेपटी आधी ओळखून कापावी लागते. यंत्र प्रत्येक अंकाबद्दल बऱ्यापैकी खात्री दाखवते आणि या उत्तरात चुकीची कोणतीच खूण दिसत नाही.

पण रक्कम या स्लिपवर तीन वेळा लिहिलेली आहे. अक्षरी रकान्यात ‘पंधरा हजार चारशे पन्नास फक्त’ असे आहे. नोटांच्या तपशिलात ५०० च्या २८ नोटांचे १४,०००, २०० च्या ४ चे ८००, १०० च्या ६ चे ६०० आणि ५० ची एक. बेरीज १५,४५०. या तक्त्यात ५००, २००, १०० हे आकडे छापील असतात, त्यांचे वाचन चुकण्याचा प्रश्न येत नाही. हाताने लिहिलेली नोटांची संख्या आणि ओळीची रक्कम यांचा गुणाकार जुळला पाहिजे. पहिल्या ओळीतले १४,००० इंग्रजी धरून 98,000 वाचले तर ५०० च्या १९६ नोटा हव्यात, आणि शेजारी लिहिलेली संख्या दोनच अंकी आहे. इंग्रजी वाचन तिथेच कोसळते. आणखी एक आधार मिळतो : ही स्लिप २०२५ ची आहे, आणि तेव्हा एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक रोख भरायची तर पॅन द्यावा लागत असे. ९४,८४० खरे असते तर पॅनचा रकाना रिकामा राहिला नसता.

तारखेची मदत सर्वांत सरळ आहे. त्याच हाताने ‘१५/१/२५’ लिहिले आहे. इंग्रजी धरून वाचले तर दिवस 94 येतो, आणि असा दिवस नसतो. लिहिणारा देवनागरी अंक लिहितो, हे तारखेने सांगितले, आणि तोच निर्णय रकमेला लावता येतो. म्हणजे लिपीचा निर्णय अंकागणिक न घेता लिहिणाऱ्या हातागणिक घ्यायचा. अर्थात स्लिपवर हात एकच असतो असे नाही. कॅशिअर आपल्या बाजूने खाते क्रमांक किंवा दुरुस्ती इंग्रजी अंकांत लिहितो, आणि काही माणसे तारीख देवनागरीत व रक्कम इंग्रजीत लिहितात. म्हणून हा निर्णय पक्का नियम न मानता एक जोरदार कल मानावा आणि बाकीच्या पुराव्याने तो ताडून पाहावा.

अक्षरी रकमेला मी या कामात सर्वांत मोठे स्थान देतो. मराठीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द आहे. त्यात शंभर, शे, हजार, लाख, कोटी आणि सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे मिळवले की शब्दसंग्रह जेमतेम सव्वाशेच्या घरात संपतो. कोणता शब्द कशानंतर येऊ शकतो याचे व्याकरणही काटेकोर आहे. ‘साडेबारा हजार’ चालते, ‘साडे हजार’ चालत नाही. अलेक्स ग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे अक्षरे तोडून वेगळी न करता ओळ सलग वाचता येते. मराठीत शिरोरेघेमुळे अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे ही सोय इथे फार उपयोगी पडते. अशा वाचनाला वरच्या व्याकरणाची चौकट घातली की यंत्र मराठीत नसलेली रक्कम बोलूच शकत नाही.

तरी ते चुकीची पण असलेली रक्कम बोलू शकते. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ घाईत लिहिले की एकमेकांत मिसळतात, आणि सात हजार, साठ हजार, आठ हजार या तिन्ही रकमा व्याकरणात बसतात. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, पंचावन्न आणि पंच्याण्णव यांचेही तसेच. पण अंकांत ७,००० आणि ६०,००० यांचा घोळ होत नाही, त्यांची लांबीच वेगळी आहे. उलट अंकांत होणारा १ आणि 9 चा घोळ अक्षरांत होत नाही, कारण पंधरा आणि चौऱ्याण्णव यांत काहीच साम्य नाही. दोन्ही वाचने चुकतात, पण वेगवेगळ्या जागी चुकतात. म्हणूनच ती जुळली की त्या जुळण्याला वजन येते. समजा, अंकांचे वाचन शंभरात चारदा चुकते आणि अक्षरांचे दहादा. दोन्ही एकाच वेळी चुकून नेमकी एकच चुकीची रक्कम देतील, हे त्याहून कितीतरी विरळ असते.

इथे एक अट आहे, आणि अलीकडच्या यंत्रणांत ती बऱ्याचदा मोडते : ही वाचने खरोखर स्वतंत्र झालेली असली पाहिजेत. २०२० च्या आसपास मजकूर आणि त्याची पानावरची जागा एकत्र पाहणारी लेआउटएलएमसारखी प्रतिमाने आली. २०२२ मध्ये डोनट आले. ते अक्षरे वेगळी ओळखण्याची पायरीच गाळून चित्रावरून थेट भरलेले रकाने देते. आज पूर्ण फोटो दाखवून चार रकाने मागता येतील अशी मोठी प्रतिमानेही आहेत. छापील बिलांवर त्यांचे काम उत्तम आहे. हाताने लिहिलेल्या स्लिपवर त्यांचा धोका वेगळा आहे. सगळी स्लिप एकदम पाहणारे प्रतिमान अंकांची रक्कम पाहून अक्षरी रक्कम ‘वाचते’. अक्षरे नीट लागली नाहीत तरी चौकटीतल्या अंकांशी जुळणारे शब्द ते देऊन टाकते. वरून पाहता तिन्ही रकमा जुळतात, पण वाचन एकदाच झालेले असते. यावर उपाय साधा आहे. अंकांची चौकट, अक्षरी ओळ आणि नोटांचा तक्ता हे तीन तुकडे कापून वेगवेगळे वाचायला द्यावेत आणि तुलना बाहेर, साध्या अंकगणिताने करावी. लबाडी होते का हे तपासायचे तर काही स्लिपांवर मुद्दाम वेगळी अक्षरी रक्कम लिहावी आणि यंत्र ती वेगळी सांगते का ते पाहावे.

लिहिणाऱ्यानेच चूक केली असेल तेव्हाही हे वेगळेपण कामी येते. धनादेशावर अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम धरली जाते. कित्येक संगणकीय प्रणालींत हाच नियम भरणा स्लिपला लावलेला असतो, आणि तो चुकीचा आहे. स्लिप हा परक्राम्य संलेख नाही. रोख भरण्यात खरी रक्कम म्हणजे कॅशिअरने मोजलेली रक्कम. त्यामुळे मतभेद असेल तेव्हा नोटांचा तक्ता आणि कॅशिअरची दुरुस्ती पाहावी, आणि तरी लागले नाही तर स्लिप माणसाकडे द्यावी.

तारखेबद्दल थोडक्यात. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, पण अमेरिकी कागदांवर शिकलेले प्रतिमान ५/६/२५ ची गुपचूप ६ मे करून देते. तारीख एका ठरावीक रूपात बदलून मागण्याऐवजी लिहिली तशीच मागावी आणि रूपांतर आपण करावे. स्लिपवर हाताची तारीख आणि शिक्क्यातली तारीख अशा दोन तारखा असतात. दुकानदाराने घरी आदल्या रात्री स्लिप लिहिली असेल तर त्या जुळत नाहीत, आणि दोन्ही खऱ्या असतात. बँकेच्या उताऱ्याशी सहसा शिक्क्याची तारीख जुळते. दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. फोटो मिळाला त्या दिवसानंतरची तारीख आली तर वाचन चुकले, हे उघड आहे.

खात्याचा प्रकार सोपा वाटतो, कारण पर्याय छापलेले असतात : बचत, चालू, कॅश क्रेडिट, कर्ज, आवर्त ठेव. त्याखाली बारीक अक्षरांत ‘लागू नसेल ते खोडा’ असे असते. म्हणजे शब्दावरची रेघ हा नकार असतो, तर शेजारची टिकली किंवा भोवतीचे वर्तुळ हा होकार. फक्त ‘शाई कुठे आहे’ एवढेच पाहणारे यंत्र खोडलेला पर्याय निवडून मोकळे होते. कोरा नमुना वजा करून उरलेल्या शाईचा आकार पाहावा : ती शब्दाच्या मधून आडवी गेली आहे की त्याच्या भोवती फिरली आहे. त्याहून भरवशाचा नियम मोजणीचा आहे. पाचपैकी एकाच शब्दाला शाई लागली असेल तर तोच निवडलेला धरावा, मग रेघ आडवी असली तरी, कारण सूचना न वाचता खूण करणारे पुष्कळ असतात. चारांना लागली असेल तर पाचवा निवडलेला. दोन किंवा तीन शब्दांना लागली असेल तर यंत्राने अंदाज करू नये. कित्येक सहकारी बँकांच्या खाते क्रमांकात शाखेनंतर योजनेचा सांकेतिक अंक असतो. तो ठाऊक असेल तर प्रकार त्यावरूनच ठरवावा आणि खुणेला दुय्यम पुरावा मानावे.

नाव हा सर्वांत कठीण रकाना आहे. एक तर स्लिपवर नावे दोन असतात : ज्याच्या खात्यावर जमा करायचे तो खातेदार आणि पैसे भरणारा. काउंटरफॉइलवर ती दोन्ही वरखाली येतात आणि छापील ‘खातेदाराचे नाव’ हे शब्द घडीत गेले की यंत्र दुकानदारालाच विक्रेता ठरवते. दुसरे, नावाला रकमेसारखी दुसरी प्रत नाही आणि मर्यादित शब्दसंग्रहही नाही. ‘श्री’, ‘मे.’, आद्याक्षरे, आडनाव आधी की नंतर, ‘ट्रेडर्स’ की ‘ट्रेडिंग कंपनी’, सगळे लिहिणाऱ्याच्या मनावर. देवनागरी हस्ताक्षराचा मोठा संग्रह हैदराबादच्या आयआयआयटीने केला आहे. शब्द ओळखायला त्याचा उपयोग होतो, पण मराठी आडनावे आणि दुकानांची नावे त्यातून आपोआप येत नाहीत.

खाते क्रमांकाचा आधार घ्यावा, तर तोही कच्चा आहे. एक अंक ९८ टक्के बरोबर वाचला जात असेल तर पाच अंकी रक्कम पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ९० टक्के आणि पंधरा अंकी खाते क्रमांक पूर्ण बरोबर येण्याची ७४ टक्के उरते. चूक पकडणारा तपासअंक सर्व बँकांना सारखा लागू नाही. म्हणून इथे प्रश्नच बदलून घ्यावा. घाऊक विक्रेत्याची खाती दोन किंवा तीन असतात. ‘हे नाव काय आहे’ असे न विचारता ‘या तिघांपैकी हे कोणते’ असे विचारले की अस्पष्ट नाव आणि एक-दोन अंक चुकलेला खाते क्रमांक मिळूनही उत्तर देतात. ‘यांपैकी एकही नाही’ हे उत्तर मात्र यादीत हवेच. ते नसेल तर दुकानदाराने चुकून दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर भरलेले पैसेही यंत्र आपल्या खात्यावर दाखवील, आणि ज्या एका चुकीसाठी नाव तपासायचे तीच निसटेल.

एकूण चित्र असे आहे. नोटांचा तक्ता भरलेला असेल आणि तीन तुकडे स्वतंत्र वाचले असतील तर रकमेचे काम यंत्रावर सोपवण्याजोगे झाले आहे. तारीखही तशीच, दोन्ही तारखा वेगळ्या ठेवल्या तर. खात्याचा प्रकार छापील खुणेपेक्षा खाते क्रमांकावरून अधिक नीट लागतो. नाव यादीशिवाय वाचायला देऊ नये. तक्ता रिकामा आणि अक्षरी ओळ शिक्क्याखाली गेलेली असेल, तर त्या स्लिपवर रकमेची एकच प्रत उरते. यंत्राने कितीही खात्री दाखवली तरी अशी प्रत्येक स्लिप मुनिमाच्याच हाती द्यावी.